भाड्याच्या घरात आईसाठी आधाराचा दांडा: घरमालकाची परवानगी कशी मागायची

घरमालकाला फोन करून ‘बाथरूममध्ये एक दांडा बसवला तर चालेल का?’ असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बघू.’ या ‘बघू’मागे दुष्टपणा नसतो. तुम्हाला आई कमोडवरून उठताना दिसत असते आणि त्याला दिसत असतं ड्रिल, तडकलेली टाइल, भिंतीत झिरपणारं पाणी आणि तुम्ही घर सोडून गेल्यावर मागे राहिलेली भोकं. तुमच्या प्रश्नात या भीतीचं उत्तर नसेल तर तो ‘बघू’ म्हणणारच. म्हणून तोंडी विचारण्याच्या आधी चार गोष्टी ठरवून ठेवायच्या: दांडा नेमका कुठे, भोकं किती, काम कोण करणार आणि घर सोडताना काय करणार. यातली एक जरी मोघम राहिली तरी गाडी तिथेच अडते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. आई ७४ वर्षांची आहे. डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, ती वॉकर घेऊन चालते. कमोडच्या उजव्या हाताला टाइल्स लावलेली भिंत आहे. घराच्या मुख्य दाराबाहेर १५ सेंमी उंचीची एक पायरी आहे. आईला कमोडपाशी आधार हवाय आणि दाराशी ती पायरी सुसह्य व्हायला हवी.

पहिली पायरी: हात कुठे जातो ते बघा

दुकानात जाऊन दांडा आणण्याआधी आई कमोडवर बसताना आणि उठताना काय करते ते पाहा. कपडे घातलेले असताना, झाकण बंद करून, तिला चार-पाच वेळा बसायला-उठायला सांगा. बहुतेक म्हातारी माणसं नकळत कशाला तरी धरतात: फ्लशची टाकी, नळ, नाहीतर टॉवेल अडकवायची नळी. टॉवेलची नळी हा या सगळ्यातला सर्वांत धोकादायक आधार, कारण ती दिसते अगदी दांड्यासारखी, पण तिचे स्क्रू ओल्या टॉवेलचं वजन पेलण्यापुरतेच असतात. आईचा हात तिकडे जात असेल, तर दांडा त्याच जागेच्या आसपास हवा आणि टॉवेल दुसरीकडे गेला पाहिजे.

आडवा दांडा रेटून उठण्यासाठी असतो. बसलेल्या माणसाचा कोपर थोडा वाकलेला राहील इतक्या उंचीवर तो लागतो, म्हणजे कमोडच्या बैठकीपासून साधारण २० ते २५ सेंमी वर. उभा दांडा वेगळ्या कामाचा आहे. उठून झाल्यावर तोल सावरायला आणि वळायला तो धरतात, म्हणून तो कमोडच्या पुढच्या काठापेक्षा थोडा पुढे असावा लागतो. ज्यांना उठायला जोर लागतो त्यांना आडवा जास्त कामाचा आणि उठल्यावर ज्यांना गरगरतं त्यांना उभा. आपल्या उदाहरणातल्या आईला दोन्ही लागतात.

मग मास्किंग टेपची पट्टी भिंतीवर चिकटवा, दांडा जिथे असेल तिथे, त्याच लांबीची. आईला पुन्हा बसवा, उठवा. हात पट्टीवर सहज जातो का? नाही, तर पट्टी हलवा. फिजिओथेरपिस्ट घरी येत असतील तर हे त्यांच्यासमोर करा आणि जागा व उंची त्यांच्याकडून दोन ओळींत लिहून घ्या. घरमालकाला द्यायच्या कागदांत त्या दोन ओळींना बरंच वजन येतं. पण संपूर्ण वैद्यकीय फाइल त्याला देऊ नका. आईचे रिपोर्ट बघायची त्याला गरज नाही.

दुसरी पायरी: भिंत कशाची आहे?

इथे थोडं थांबायला हवं, कारण दांडा किती मजबूत आहे यापेक्षा भिंत कशाची आहे हे जास्त महत्त्वाचं ठरतं आणि घरमालकाशी बोलायचा सगळ्यांत चांगला धागाही इथेच सापडतो.

पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर चिंता नाही. नेहमीचे प्लग आणि लांब स्क्रू त्यात घट्ट बसतात. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तेच प्लग थोड्याच दिवसांत सैल होतात. त्या ब्लॉकसाठी बनवलेले लांब प्लग किंवा भोकात रसायन भरून पक्का होणारा अँकर लागतो. पोकळ ब्लॉक किंवा जिप्समची पार्टिशन असेल तर नुसत्या पृष्ठभागावर दांडा लावायचाच नाही. जिप्समच्या पार्टिशनमध्ये आतल्या फ्रेमच्या उभ्या पट्ट्या सापडल्या आणि स्क्रू त्यांच्यात गेले तरच तो टिकतो. कमोडमागे फ्लशची टाकी भिंतीच्या आत दडवलेली असेल, तर तेवढी भिंत विसरून जा. तिथे आत पोकळी आणि पाणी दोन्ही आहे.

भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकणं ही सुरुवात झाली, पण टाइलखाली मसाला नीट न भरल्यामुळेही पोकळ आवाज येतो, त्यामुळे एवढ्यावर भरवसा नको. भिंतीच्या पलीकडच्या खोलीतून ठोकून बघा. आधीच्या एखाद्या खिळ्याचं किंवा हुकाचं भोक असेल तर टॉर्च लावून आत पाहा. लालसर दिसलं तर वीट, करडं आणि टणक असेल तर काँक्रीट. फिकट असेल आणि नखाने भुगा पडत असेल तर हलका ब्लॉक.

पाइपांचा अंदाज असा घ्यायचा: भिंतीतले पाइप शक्यतो नळापासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवे गेलेले असतात. नळ, शॉवर, हँड शॉवरचा कॉक, गीझरची जोडणी, यांच्या प्रत्येकाच्या उभ्या आणि आडव्या रेषेपासून दोन्ही बाजूंना एक वीतभर जागा सोडा. भिंतीतला धातू आणि वायर शोधणारं छोटं यंत्र कारागिराकडे असतं, तेही फिरवून घ्या. मात्र प्लास्टिकचे पाइप या यंत्रांना बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून रेषेचा नियम सोडायचा नाही.

आणि घरमालकाला विचारा: ‘काका, बाथरूमची ही भिंत विटेची आहे का? पाइप कुठून गेलेत, तुम्हाला आठवतं? उरलेल्या टाइल्स ठेवल्यात का कुठे?’ काही घरमालकांनी बाथरूमचं काम स्वतः उभं राहून करून घेतलेलं असतं आणि पाइप बुजवण्याआधीचे फोटो त्यांच्याकडे असतात. हा प्रश्न परवानगीच्या आधी विचारला की घरमालक कामाच्या आत येतो. ज्याने पाइप कुठे आहेत ते सांगितलं, तो माणूस नंतर ‘भिंतीला हात लावू नका’ असं सहसा म्हणत नाही.

तिसरी पायरी: दांडा आणि त्याची जागा टाइलच्या हिशेबाने ठरवा

दांड्याचा व्यास ३२ ते ३८ मिमी असला की म्हाताऱ्या हाताची मूठ नीट बसते. दांडा आणि भिंत यांच्यात सुमारे ४ सेंमी जागा असावी. जास्त असेल तर घसरलेला हात आत अडकू शकतो आणि कमी असेल तर बोटं आत जात नाहीत. दांडा स्टेनलेस स्टीलचा, शक्यतो खरखरीत पकडीचा घ्या. दोन्ही टोकांना प्रत्येकी तीन स्क्रूंची गोल चकती असते. सुमारे ११० किलो भार पेलण्याची खूण किंवा माहिती पाकिटावर आहे का ते बघा.

आता टाइलचा हिशेब. उदाहरणातल्या बाथरूममध्ये टाइल्स ६० सेंमी लांब आणि ३० सेंमी उंच आहेत, आडव्या लावलेल्या. बैठक ४५ सेंमीवर आहे, म्हणजे आडवा दांडा ७० सेंमीवर येतो. तो खालून तिसऱ्या ओळीत, म्हणजे ६० ते ९० सेंमीच्या पट्ट्यात पडतो. दोन चकत्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ४५ सेंमी असलेला दांडा घेतला, तर ८ सेंमी रुंदीच्या दोन्ही चकत्या एकाच टाइलवर बसतात आणि दोन्ही कडांना साडेतीन सेंमी जागा उरते. याच लांबीचा उभा दांडा शेजारच्या टाइलवर, ८२ ते १२७ सेंमीच्या दरम्यान लावला, तर त्याची खालची चकती तिसऱ्या ओळीत आणि वरची पाचव्या ओळीत येते. दोन्ही सांध्यापासून लांब. एकूण भोकं बारा आणि हात लागलेल्या टाइल्स तीन.

दांडा पाच-सहा सेंमी मागेपुढे सरकवल्याने आईला फारसा फरक पडत नाही, पण चकती दोन टाइलच्या सांध्यावर आली तर कडेला तडा जायची शक्यता वाढते आणि नुकसानीच्या हिशेबात टाइल्सची संख्या दुप्पट होते. अर्थात फरक पडतच असेल, तर आईचा हात जिथे जातो ती जागा निवडा आणि चौथी टाइल मोजा. टाइल वाचवायला दांडा चुकीच्या उंचीवर लावण्यात काही अर्थ नाही.

दाराची पायरी: उताराचं गणित आधी करा

रॅम्पच्या बाबतीत बरेच जण इथेच फसतात. व्हीलचेअर किंवा वॉकरसाठी उताराचं सर्वमान्य प्रमाण १ ला १२ आहे, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. पायरी १५ सेंमी असेल तर रॅम्प १८० सेंमी लांब झाला पाहिजे. दाराबाहेरचा पॅसेज १२० सेंमी रुंद असेल, तर रॅम्प समोरच्या भिंतीत जाऊन घुसतो. मग लोक ६०-७० सेंमीची फळी टाकतात. तो उतार १ ला ४ किंवा त्याहून किंचितच बरा. अशा उतारावर उतरताना वॉकर पुढे पळतो आणि माणूस त्याच्या मागे ओढला जातो. पायरीवरून पडण्यापेक्षा हे वाईट.

म्हणून आपल्या उदाहरणात रॅम्प मागायचाच नाही. वॉकरवर चालणाऱ्या, व्हीलचेअर न वापरणाऱ्या माणसाला अर्धी पायरी बरी पडते: १५ सेंमीच्या जागी साडेसात-साडेसात सेंमीच्या दोन पायऱ्या आणि दाराच्या बाजूला एक उभा दांडा. ही मधली पायरी म्हणजे जमिनीवर ठेवलेला, न हलणारा भक्कम चौथरा. वॉकरचे चारही पाय आणि आईची दोन्ही पावलं एकाच वेळी त्यावर मावली पाहिजेत, एवढा तो खोल हवा. वॉकर आणि त्यात उभ्या असलेल्या आईचं माप घ्या, अंदाज नको. वरचा पृष्ठभाग खरखरीत हवा. नुसतं पॉलिश केलेलं लाकूड पाण्याच्या चार थेंबांनी निसरडं होतं.

व्हीलचेअर असेल तर मात्र रॅम्पला पर्याय नाही. रुंदी किमान ९० सेंमी, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून उंचवटा आणि दारापाशी सपाट जागा. दार बाहेर उघडत असेल तर ही सपाट जागा फार मोठी लागते, कारण उतारावर खुर्ची धरून ठेवत दार ओढणं कुणालाच जमत नाही. जागा पुरत नसेल तर घडी घालता येणारा ॲल्युमिनियमचा रॅम्प, जो गरजेपुरता टाकून उचलून ठेवता येतो, एवढाच उपाय उरतो. तो टाकायलासुद्धा पुरेशी लांबी मोकळी हवीच.

बाथरूमच्या बुटक्या उंबऱ्यासाठी बाहेरच्या, कोरड्या बाजूला रबरी पाचर नुसती ठेवता येते. तिला भोक लागत नाही आणि सहसा परवानगीही लागत नाही, घरमालकाच्या कानावर घातलं की झालं. आतल्या ओल्या बाजूला पाचर ठेवू नका. तो उंबरा पाणी अडवायलाच असतो आणि पाचरीमागे पाणी साचतं.

दाराबाहेरची जागा सामाईक असेल तर एकट्या घरमालकाची परवानगी पुरत नाही. इमारतीचा कारभार पाहणाऱ्यांचीही लागते. त्यांचा पहिला प्रश्न असतो, आग लागली तर लोकांना जायला वाट राहते का? म्हणून पायरीची मागणी आणि दांड्याची मागणी वेगवेगळ्या पत्रांत करा. एकाच पत्रात दोन्ही घातल्या तर इमारतीची बैठक होईपर्यंत बाथरूमचा दांडाही लटकून राहतो.

करारात काय बघायचं

भाडेकरारात दोन गोष्टी शोधा: घरात बदल करण्याबद्दलचं कलम आणि अनामत रक्कम कशाकशासाठी कापता येते ते. ‘बांधकामात बदल करू नये’ असं लिहिलं असेल तर स्क्रूने लावलेला दांडा त्यात मोडतो की नाही यावर वाद घालत बसू नका. लेखी परवानगी मागितली की तो प्रश्नच उरत नाही. काही ठिकाणी वृद्ध किंवा अपंग माणसाच्या वाजवी गरजेसाठी असे बदल करू देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक असतं. तुमच्याकडे तसं आहे का हे विचारून ठेवा, पण पहिल्या पत्रात कायदा काढू नका. कायद्याचं कलम वाचलं की साधा भला घरमालकही वकिलाला फोन करतो.

चौथी पायरी: पत्र

आधी फोनवर किंवा समोर बसून बोला, मग त्याच दिवशी पत्र पाठवा. ईमेल किंवा मेसेज चालतो, फक्त मजकूर तोच हवा. सोबत टेप चिकटवलेल्या भिंतीचा फोटो जोडा. शब्दांपेक्षा हा फोटो जास्त काम करतो, कारण घरमालकाला वाटत असतं त्यापेक्षा दांडा खूपच लहान असतो.

नमुना असा:

‘आदरणीय काका,
आज बोलणं झाल्याप्रमाणे लिहीत आहे. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे तिला कमोडवरून उठताना आधार लागतो. त्यासाठी बाथरूमच्या उजव्या भिंतीवर दोन स्टीलचे दांडे बसवण्याची परवानगी हवी आहे. जागा सोबतच्या फोटोत टेपने दाखवली आहे.

प्रत्येक दांड्याला सहा, अशी एकूण १२ भोकं पडतील आणि ती तीन टाइल्सवर असतील. नळाच्या आणि शॉवरच्या पाइपांच्या रेषेपासून ही जागा दूर आहे. टाइलला भोक पाडण्याचा अनुभव असलेल्या कारागिराकडून काम करून घेईन. तुम्हाला हजर राहायचं असेल तर तुमच्या सोयीचा दिवस ठरवू. सगळा खर्च माझा.

दांड्यांची निवड, बसवणं आणि देखभाल ही माझी जबाबदारी राहील. या कामामुळे या तीन टाइल्सना किंवा दांड्यांच्या भोकांतून भिंतीला काही नुकसान झालं तर ते मी दुरुस्त करून देईन.

घर सोडताना तुम्ही सांगाल त्याप्रमाणे करेन: दांडे आहेत तसेच ठेवीन, किंवा काढून भोकं टाइलच्या रंगाच्या मसाल्याने बुजवीन, किंवा त्या तीन टाइल्स बदलून देईन. तंतोतंत तशाच टाइल्स मिळाल्या नाहीत तर मिळतील त्यांतल्या सर्वांत जवळच्या लावीन.

आपली संमती याच मेसेजला उत्तर म्हणून कळवावी.’

या पत्रातली दोन वाक्यं मुद्दाम मोजून-मापून लिहिलेली आहेत. ‘या तीन टाइल्सना किंवा दांड्यांच्या भोकांतून’ हे शब्द गाळून ‘बाथरूममधल्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी माझी’ असं लिहून दिलंत, तर दहा वर्षं जुन्या पाइपची गळतीही उद्या तुमच्या अनामत रकमेतून निघू शकते. आणि ‘सर्वांत जवळच्या’ हे शब्द नसतील तर तीन टाइल्स बाजारात मिळत नाहीत म्हणून संपूर्ण भिंत नवी करून द्यायची वेळ येते. घरमालकाने स्वतःचा मसुदा पाठवला तरी ही दोन वाक्यं त्यात आहेत का ते आधी पाहा.

घरमालक काय म्हणेल

‘टाइल फुटली तर?’ याला उत्तर पत्रात आहेच. वर एवढंच सांगा की, ‘काका, फुटलीच तर बदलून देतो. उरलेल्या टाइल्स तुमच्याकडे असतील तर त्यातली एक बाजूला ठेवूया.’

‘पाणी मुरेल’ ही भीती जास्त खरी आहे आणि तिला उडवून लावू नये. टाइलमधून आरपार गेलेलं भोक पाण्याला वाट करून देतं. म्हणून प्लग घालण्याआधी भोकात सिलिकॉन भरतात आणि चकतीच्या मागेही सिलिकॉनचा थर देतात. चकतीच्या कडेने वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची रेघ ओढतात, खालची थोडी मोकळी ठेवतात. चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर येतं आणि गळती लगेच दिसते. कमोडची भिंत शॉवरच्या थेट फवाऱ्याखाली नसेल तर तेही सांगा. साडेचार इंची विटेच्या भिंतीत ६ सेंमी खोल भोक पलीकडच्या खोलीत निघत नाही, हेसुद्धा काही घरमालकांना ऐकायचं असतं.

‘उद्या तुमच्या आई पडल्या तर माझ्यावर येईल.’ इथे देखभालीचं वाक्य दाखवा. आणि शांतपणे म्हणा, ‘दांडा नसताना पडण्याची शक्यता जास्त आहे, काका.’ यापुढे ताणू नका.

तरीही ‘भोक नकोच’ असं उत्तर आलं तर वाईट वाटून घ्यायच्या आधी बिनभोकाचे पर्याय बघा. कमोडभोवती उभी राहणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली लोखंडी फ्रेम मिळते. तिला भिंत लागत नाही. आडव्या दांड्याचं काम ती बऱ्यापैकी करते, फक्त जमीन सपाट हवी आणि पायांची रबरी बुचं झिजली की बदलायला हवीत. जमीन ते छत असा घट्ट बसणारा खांब उभ्या दांड्याच्या जागी चालतो, पण छत फॉल्स सीलिंगचं असेल तर नाही. व्हॅक्यूमने चिकटणारा दांडा मात्र वजन टाकायला आणू नका. तो कधी सुटेल हे सुटेपर्यंत कळत नाही आणि टाइलच्या सांध्यावर तर तो धड चिकटतही नाही.

उत्तरच आलं नाही तर आठवड्याने पुन्हा विचारा. गप्प राहणं म्हणजे होकार धरून ड्रिल चालवू नका. फोनवर ‘करा, करा’ म्हणाले तर लगेच मेसेज टाका: ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे दोन दांडे फोटोतल्या जागी बसवतो आहे.’ त्याला उलट ‘ठीक’ आलं की तीच लेखी परवानगी.

बसवण्याचा दिवस

काम सुरू होण्याआधी भिंतीचे, खालच्या फरशीचे आणि पलीकडच्या खोलीतल्या भिंतीचे फोटो काढा. आधीपासून असलेल्या तडा वेगळ्या टिपून घरमालकाला पाठवा.

कारागिराला टाइलसाठीची बिट आहे का ते विचारा. खुणेवर मास्किंग टेप लावून, कमी वेगात, हॅमर बंद ठेवून टाइल पार करायची. चिनी मातीची कडक टाइल असेल तर डायमंड बिट आणि थोडं पाणी लागतं. टाइलच्या पलीकडे वीट किंवा काँक्रीट लागल्यावरच हॅमर चालू करायचा. ‘सगळ्या भिंतीला मी एकाच बिटने करतो’ असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पहिलं भोक पाडताना भुग्याकडे लक्ष ठेवा. टाइलनंतर लाल भुगा आला तर वीट, करडा आला आणि ड्रिल जोर मागू लागलं तर काँक्रीट. भुगा पांढरट असेल आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर हलका ब्लॉक, मग प्लग बदलावे लागतील. ड्रिल एकदम आत पडलं तर पोकळी आहे, तिथेच थांबा. आणि ओला भुगा आला तर ड्रिल बाहेर काढा, घराचा मुख्य कॉक बंद करा आणि घरमालकाला तेव्हाच कळवा, संध्याकाळी नाही.

स्क्रू आवळल्यावर सिलिकॉन सुकायला २४ तास द्या. तोवर दांड्याला टॉवेल गुंडाळून ठेवा, म्हणजे आई सवयीने धरणार नाही. दुसऱ्या दिवशी घरातल्या धडधाकट माणसाने दांड्यावर हळूहळू वजन टाकत जाऊन शेवटी पूर्ण शरीराचा भार द्यायचा. चकती जराही हलली, किंवा चकती आणि टाइल यांच्यामध्ये कागद सरकला, तर आईला धरू द्यायचं नाही. सगळं ठीक असेल तर तयार कामाचा एक फोटो घरमालकाला पाठवा.

नंतर अधूनमधून बघत राहा. सिलिकॉनच्या कडेने काळी रेघ दिसू लागणं, वजन टाकताना करकर वाजणं, स्क्रूच्या डोक्यावर गंज येणं किंवा पलीकडच्या खोलीत रंगाला फुगा येणं, या चारपैकी काहीही दिसलं तर चकतीवरचं झाकण काढून स्क्रू तपासा. सैल झालेला स्क्रू नुसता पुन्हा आवळून भागत नाही. प्लग भिंतीत फिरत असेल तर तो बदलावा लागतो.

घर सोडताना

नोटीस देतानाच घरमालकाला विचारा की तीनपैकी कोणता पर्याय हवा. उत्तर लेखी घ्या. दांडे ठेवायचे असतील तर तोच मेसेज अनामत रकमेच्या हिशेबाला जोडा. काढायचे असतील तर स्क्रू काढून प्लग बाहेर ओढा, न निघाले तर टाइलच्या पातळीच्या खाली कापा, मग रंग जुळवलेला मसाला भरून सुकल्यावर पुसून घ्या. जवळून पाहिलं तर खुणा दिसतात, हे घरमालकाला आधीच सांगा. टाइल्स बदलायच्या असतील तर ते काम सामान हलवण्याच्या आधी, घराची चावी तुमच्याकडे असतानाच उरकून घ्या आणि घरमालकाला जागेवर बोलावून दाखवा. आईची फ्रेम, अर्धी पायरी आणि रबरी पाचर ही तुमची आहेत, ती गाडीत भरायला विसरू नका.